तोंडाभोवतीची मधासारखी खपली: लेकराला इम्पेटिगो आहे की ओठावर ताप फुटलाय?

प्रश्न: डॉक्टर साहेब, माझी लेक ४ वर्षांची आहे, जिंतूर तालुक्यात राहतोत आम्ही. सर्दी होती तिला, मग नाकाखाली एक पुटकुळी आली, फुटली, आता तिथं मधासारखी पिवळी खपली धरलीय आणि ओठाच्या बाजूला, हनुवटीवर पण तसंच यायलंय. ताप नाही, खेळती खाती नीट. तिच्या पप्पांना मागच्या महिन्यात ओठावर ताप फुटला होता, तेच तिला लागलं का? सासूबाई म्हणतेत पाल मुतली. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, लावली की लाली कमी होती पण बाजूला नवीन यायलेत. नागीण तर नाही ना?

उत्तर:

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून हे इम्पेटिगो वाटतंय, म्हणजे कातडीच्या अगदी वरच्या थरात झालेलं जिवाणूंचं इन्फेक्शन. पप्पांच्या ओठावरचं दुखणं वेगळं, ते व्हायरसचं. नागीण असती तर अंगाच्या एकाच बाजूला पट्टा धरून आली असती. आणि पालीचा तर यात काहीच हात नाही, ती बिचारी ट्यूबलाईटपाशी किडे खात बसलेली असती. फोटो न बघता मी शंभर टक्के सांगू शकत नाही, पण कोणत्या गोष्टीवरून मी हे म्हणायलो ते नीट सांगतो, म्हणजे तुम्हालाही घरी बघता येईल आणि दवाखान्यात गेल्यावर काय सांगायचं तेही कळेल. तोवर ती ट्यूब मात्र आजपासून बंद ठेवा, का ते पुढं येतंच.

आधी पप्पांचं बघू. ओठावर जो ताप फुटतो तो हर्पिस सिंप्लेक्स नावाच्या व्हायरसमुळं, बहुतेक वेळा त्याचा पहिला प्रकार. हा व्हायरस लहानपणीच कधीतरी अंगात शिरतो आणि मग चेहऱ्याच्या संवेदनेची जी नस असते तिच्या मुळाशी जाऊन झोपून राहतो, जन्मभर. ताप आला, कडक उन्हात दिवसभर काम झालं, जागरण झालं, बायकांना पाळीच्या दिवसात, अशा वेळी तो जागा होतो आणि त्याच नसेवरून खाली ओठाकडं येतो. म्हणून तो फोड दर वेळी जवळपास त्याच जागी येतो, ओठाची लाली संपून कातडी सुरू होते त्या काठावर. आणि येण्याआधी वर्दी देतो. तुम्ही पप्पांना विचारा, ते सांगतील की फोड दिसायच्या आधी अर्धा-एक दिवस तिथं चुणचुण होत होती, आग व्हायली होती, ताणल्यासारखं वाटत होतं. मग बारीक बारीक पाण्याचे फोड एका झुपक्यात उठतात, मोहरीएवढे, ज्वारीच्या दाण्याहून लहानच. दोन दिवसांत फुटतात, एकमेकांत मिसळतात, ठणकतात, मग खपली धरते आणि ७ ते १० दिवसांत सगळं निस्तरतं.

तुमच्या लेकीचं तसं नाही. सर्दी झाली, नाक वाहत होतं, ती सारखं मनगटानं नाक पुसत असणार, त्यामुळं नाकाखालची कातडी सोलल्यासारखी झाली. बऱ्याच लोकांच्या नाकपुडीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू काही त्रास न देता बसलेला असतो, साधारण दहातल्या तिघांच्या. धडधाकट कातडीत त्याला शिरता येत नाही, पण कातडी सोलली, डास चावला, खाजवून ओरखडा निघाला की त्याला दार उघडं मिळतं. कधी त्याच्या जोडीला स्ट्रेप्टोकॉकस पण असतो. मग एक पुटकुळी येते, ती इतकी नाजूक असते की बऱ्याच आयांना ती दिसतच नाही, थेट खपलीच दिसते. आणि लेकरू तिथं बोट लावतं, तेच बोट हनुवटीला लावतं, तिथं दुसरी येते. दोन ते पाच वर्षांच्या लेकरांत हे सगळ्यात जास्त दिसतं, आणि आपल्याकडं उन्हाळ्याच्या घामात आणि पावसाळ्यात दमट हवेत तर जास्तच.

आता तुमच्या त्या मधाच्या रंगाबद्दल, कारण सगळी मेख तिथं आहे. इम्पेटिगोत कातडीचा वरचा पापुद्रा जातो आणि खालच्या ओल्या जागेतून पिवळसर लस सतत झिरपत राहते. ही लस म्हणजे रक्तातलं पाणी, त्यात प्रथिनं आणि मेलेल्या पांढऱ्या पेशी. ती वाळली की पिवळा, सोनेरी, थोडा पारदर्शक असा थर बसतो, आणि झिरपणं चालूच असल्यामुळं त्यावर अजून एक, त्यावर अजून एक. म्हणून ती खपली जाड असते आणि कातडीवर वरून चिकटवल्यासारखी दिसते. गुऱ्हाळात कढईच्या काठावर पाक सांडून वाळतो ना, तसा तो थर. हर्पिसमध्ये फोडातलं पाणी थोडं असतं, ते एकदा फुटून वाळलं की संपलं, वर परत परत लस येत नाही. त्यामुळं तिथली खपली पातळ, घट्ट, मर्यादित, आणि रंगानं तपकिरी किंवा काळपट, कारण ओठ हलला की ती तडकते आणि थोडं रक्त येतं.

फक्त रंगावर मात्र जाऊ नका, आणि हे मी मुद्दाम सांगायलो. इंटरनेटवरचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात, तिथं लाल जागेवर पिवळी खपली चटकन उठून दिसते. आपल्या सावळ्या लेकरांत लाली नीट दिसत नाही, खपलीत धूळ बसते, कुणी हळद लावलेली असते (मग तर सगळंच पिवळं, मीपण काय ओळखणार), आणि मधाचा रंग गडद तपकिरी वाटू शकतो. म्हणून खपलीचा रंग एकदा बघायचा आणि मग खपली भिजवून खाली काय आहे ते बघायचं.

ते असं करा. पाणी उकळून कोमट होऊ द्या, धुतलेल्या सुती कपड्याचा तुकडा त्यात भिजवून पिळा आणि खपलीवर १० मिनिटं ठेवा, मधे गार झाला तर परत भिजवा. लेकरू मांडीवर घेऊन काहीतरी दाखवत बसा, तेवढा वेळ निघतो. मग ओल्या कपड्यानंच हलक्या हातानं पुसा, कोरडी खपली नखानं कधीच ओढायची नाही. इम्पेटिगो असेल तर खपली मऊ होऊन सहज सुटते आणि खाली गुळगुळीत, ओली, चमकणारी लालसर जागा दिसते, तिच्यातून थोड्याच वेळात परत लस येऊ लागते. लेकरू फार रडत नाही, कारण यात दुखणं कमी, खाजच असली तर थोडी. कड गोलसर, आणि मोठ्या डागाच्या आजूबाजूला एक-दोन बारके डाग सुटे सुटे, म्हणजे पसरत चाललंय. हर्पिस असेल तर खपली सुटायला त्रास देते, हात लावला की झोंबतं, आणि जागेची कड नीट बघितली तर ती एक सलग गोल नसते, बारीक बारीक गोल खड्डे एकमेकांना लागून झालेली नक्षीसारखी असते, कारण मुळात ते दोन-तीन मिलिमीटरचे फोडच होते. ही कड मला खपलीच्या रंगापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

दुसरी गोष्ट, पप्पांकडून तिला लागलंच असतं तर कसं दिसलं असतं? तो व्हायरस तिच्या अंगात पहिल्यांदा जाणार होता, आणि पहिल्यांदा झालेला हर्पिस बऱ्याच लेकरांत काही लक्षणच दाखवत नाही, पण दाखवला तर ओठाच्या काठावर एक झुपका एवढ्यावर भागत नाही. सणकून ताप येतो, हिरड्या सुजून लाल होतात, ब्रश लागला की रक्त, जिभेवर, गालाच्या आत, टाळूवर फोड आणि छाले, लाळ गळते, तोंडाला वास, आणि लेकरू पाणीसुद्धा पीत नाही. तुमची लेक खेळती, खाती. तिला एकदा उजेडात तोंड उघडायला लावा, हिरड्या आणि जीभ स्वच्छ असतील तर माझा कल अजून पक्का इम्पेटिगोकडं. (उलट कुणाच्या लेकराला असा ताप आणि तोंडात छाले असतील तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा, व्हायरसचं औषध पहिल्या ३ दिवसांत सुरू झालं तरच नीट उपयोग होतो आणि पाणी कमी पडायची भीती वेगळी.)

आता या मधाच्या खपलीची एक मर्यादा. ती सांगते की वर जिवाणू बसलेत. खाली काय आहे ते ती सांगत नाही. माझ्याकडं केज भागातला विशी ओलांडलेला एक पोरगा आला होता, ट्रॅक्टरवर काम करणारा. दर उन्हाळ्यात त्याच्या खालच्या ओठाला उजवीकडं ताप फुटायचा आणि आपोआप बरा व्हायचा. या वेळी आला तेव्हा ओठापासून हनुवटीपर्यंत मस्त सोनेरी जाड खपली, कुणीही बघितलं तर इम्पेटिगोच म्हणेल. पण त्याला विचारलं की सुरुवात कशी झाली, तर म्हणाला, आधी नेहमीसारखी चुणचुण झाली, मग फोड आले, मग घरात पडलेली एक ट्यूब लावली, चौथ्या दिवसापासून हे पिवळं पसरायलं. खपली भिजवून काढली तर हनुवटीवर गुळगुळीत ओली जागा, आणि ओठाच्या काठावर मात्र ती बारक्या खड्ड्यांची नक्षी आणि हात लावला की झोंबणं. म्हणजे मुळात हर्पिस, त्याच्या उघड्या जागेत जिवाणू शिरले, दोन्ही एकदम. हर्पिस जसा त्याच्या मुदतीनं जाणार होता तसा गेला, त्या टप्प्यावर व्हायरसच्या क्रीमचा फायदा नव्हता, पण हनुवटीवरचं जिवाणूंचं औषध दिल्याशिवाय आटोक्यात आलं नसतं. म्हणून पेशंटला पहिला प्रश्न मी हाच विचारतो की पहिल्या दिवशी काय होतं, चुणचुण आणि झुपका, की नाकाखाली एकटी पुटकुळी. तसंच खरजेवर, गजकर्णावर, एक्झिमावर पण अशी खपली बसते. रात्री घरात सगळेच खाजवत असतील, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल तर खरजेचा इलाज आधी, नाहीतर इम्पेटिगो बरं होऊन परत येत राहील.

त्या पोराची ट्यूब आणि तुम्हाला मेडिकलवर मिळालेली ट्यूब बहुतेक एकाच जातीची असणार. आपल्याकडं एका ट्यूबमधे स्टिरॉईड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही घालून विकतात, मेडिकलवाला कशावरही तीच देतो. मागच्या बाजूला बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉईड. २०१८ साली असल्या स्टिरॉईड क्रीमना शेड्यूल एच मधे घातलंय, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, पण देतात. स्टिरॉईड लाली आणि सूज दाबतं, त्यामुळं दोन दिवस वाटतं की बरं व्हायलंय, पण त्या जागेची लढायची ताकदच ते कमी करतं. लाली कमी आणि बाजूला नवीन डाग, हे तुम्ही लिहिलंय ना, ते वाचूनच मला ट्यूबचा संशय आला. हर्पिसवर लावलं तर तेही लांबतं. चेहऱ्यावर तर मी स्टिरॉईड फार विचार करूनच देतो.

मग इलाज काय. तीन-चार डागांपर्यंत असेल, ताप नसेल, तर वरून लावायचं मलम पुरतं. मुपिरोसिन २ टक्के हे मलम दिवसातून ३ वेळा, ५ दिवस. फ्युसिडिक ॲसिडचंही चालतं. पण लावायची रीत महत्त्वाची, खपलीवर मलम थापलं तर ते खाली पोचतच नाही, म्हणून वर सांगितलं तसं भिजवून खपली काढायची, टिपून कोरडं करायचं आणि मग पातळ थर, डागाच्या कडेच्या थोडं बाहेरपर्यंत. दिवसातून दोनदा भिजवलं तरी चालेल, तिसऱ्या वेळी नुसतं मलम. हे मलमही डॉक्टरला एकदा दाखवूनच घ्या, परभणीपर्यंत यायची गरज नाही, तुमच्या पीएचसीतले डॉक्टर हे बघून सांगू शकतात. डाग जास्त असतील, भराभर पसरत असतील, मोठे पाण्याचे फोड येत असतील, किंवा लेकरू वर्षाच्या आतलं असेल तर पोटातून औषध लागतं, सेफॅलेक्सिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, लेकराच्या वजनावर डोस काढून, साधारण ७ दिवस. घरात मागच्या सर्दीचं उरलेलं साधं अमॉक्सिसिलिनचं सिरप देऊ नका, हे स्टॅफ जिवाणू बहुतेक त्याला दाद देत नाहीत, त्यांच्याकडं ते औषध तोडायचं एन्झाइम असतं. टूथपेस्ट, चुना, राख तर अजिबात नको, त्यानं कातडी भाजते आणि मला खाली काय आहे ते बघताच येत नाही.

नखं आजच कापा, अगदी बुडापासून. तिचा टॉवेल, उशीची खोळ वेगळी. मला माहितेय, टँकरच्या पाण्यावर घर चालत असेल तर रोज सगळं धुवा म्हणणं सोपं आहे, तेव्हा निदान एवढं करा की तोंड पुसायचा एक वेगळा फडका ठेवा, तो उकळत्या पाण्यात टाकून कडक उन्हात वाळवा, आणि मलम लावल्यावर तुमचे हात साबणानं धुवा. अंगणवाडीत औषध सुरू झाल्यावर निदान दोन दिवस पाठवू नका. धाकटं भावंडं असेल तर एका ताटात जेवण, एका अंथरुणात झोपणं तेवढे दिवस टाळा, हे एकमेकांना लागतं.

दोन-तीन दिवसांत फरक दिसला पाहिजे. आधी नवीन डाग यायचे थांबतात, मग लस कमी होते, भिजवून काढलेली खपली परत धरत नाही. जागा काही आठवडे फिकट किंवा काळसर दिसेल, त्याला घाबरू नका, इम्पेटिगो वरच्या थरातच असल्यामुळं व्रण राहत नाही. तीन दिवसांत काहीच फरक नाही तर मलम बदलत बसू नका, परत दाखवा, कारण मग खाली दुसरं काही आहे का, की जिवाणूच औषधाला न जुमानणारा आहे, हे बघावं लागतं, लस तपासायला पाठवता येते. आणि बरं होऊन महिन्या-दोन महिन्यांनी परत परत आलं तर नाकातल्या साठ्याचा इलाज करावा लागतो, तेही विचारून.

पप्पांसाठी थोडंसं. त्यांना पुढच्या वेळी चुणचुण सुरू झाली की त्याच तासात ॲसायक्लोव्हिर क्रीम दिवसातून ५ वेळा लावायला सुरू करा, तरी फायदा साधारण अर्ध्या-एक दिवसाचाच, खपली धरल्यावर लावून उपयोग नाही. फारच वारंवार येत असेल तर गोळ्या असतात, त्या डॉक्टरकडून. फोड असेपर्यंत लेकराचा मुका घ्यायचा नाही, घरात तान्हं बाळ असेल तर अजिबातच नाही, तान्ह्यांना हा व्हायरस जिवावर बेतू शकतो. उन्हात जाताना तोंडाला उपरणं गुंडाळावं.

लगेच दवाखान्यात न्यायचं कधी, तर डोळ्याजवळ फोड आले किंवा डोळा लाल झाला, डागाभोवतीची जागा गरम होऊन सुजून पसरायली, ताप येऊन लेकरू मलूल झालं, किंवा आधीपासून एक्झिमा असलेल्या लेकराच्या तोंडावर अचानक एकसारखे गोल खोल खड्डे उठले (तो हर्पिस भराभर पसरतोय असं समजायचं, एक दिवसही थांबायचं नाही). आणि एक गोष्ट जी कातडी बरी झाल्यावर कुणी बघत नाही. स्ट्रेप्टोकॉकसचा इम्पेटिगो असेल तर क्वचित किडनीला सूज येते, आणि ती कातडीच्या इन्फेक्शननंतर साधारण ३ ते ६ आठवड्यांनी, म्हणजे तुम्ही हे सगळं विसरून गेल्यावर. तेव्हा पुढचा दीड महिना तेवढं लक्षात ठेवा, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसली, लघवी कोऱ्या चहासारखी व्हायली किंवा कमी व्हायली, तर लघवीची तपासणी आणि बीपी त्याच दिवशी करून घ्या, आणि डॉक्टरला सांगा की महिन्यापूर्वी तोंडावर असं पिवळ्या खपलीचं झालं होतं. तुम्ही सांगितलं नाही तर ते त्यांना कळायला मार्ग नाही.